घाटात पेटणारा गिअरचा दिवा

माथेरानच्या घाटातून येणारा फोन बहुधा रविवारी सकाळी अकराच्या पुढे येतो. बोलणारा घाबरलेला असतो, मागे हॉर्न चालू असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी गिअरच घेत नाहीये!" चिखलोलीला कल्याण-बदलापूर रस्त्यालगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पूर्वी सेल्फ, अल्टरनेटर आणि वायरिंग एवढंच काम असायचं. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमधून स्वस्तातली ऑटोमॅटिक आणली. तेव्हापासून आमच्या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये क्लच पेडल नसलेल्या गाड्या वाढतच गेल्या, आणि आता माझा स्कॅनर कपाटात कमी आणि बाहेरच जास्त असतो. या गाड्यांकडून जे कळलं, ते इथे मांडतो.

१. तापलेली गाडी वेगळी, बिघडलेली वेगळी

फोन आला की मी आधी एकच सांगतो: स्क्रीनवर जी अक्षरं आली आहेत त्यांचा फोटो पाठवा. गिअरचा दिवा पेटला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाखाचं बिल येतं. पण त्या दिव्यामागे दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे गिअरबॉक्स तापला आहे. दातेरी चाकाच्या चित्रात थर्मामीटर दिसतो, किंवा `Transmission hot! Park with engine on` अशासारखी ओळ येते. गाडी सांगत असते की मी धडधाकट आहे, पण आता मला थोडा वेळ द्या. वेळ दिला की दिवा आपोआप जातो आणि सगळे गिअर परत येतात.

दुसरी म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरला एखादा सेन्सर, व्हॉल्व्ह, वायर किंवा व्होल्टेज पटेनासं झालं आहे. तिथे दातेरी चाकात उद्गारचिन्ह असतं, कधी पाना असतो, तर कधी नुसता इंजिनचा पिवळा दिवा पेटतो. मग गाडी उरल्यासुरल्या गिअरवर घरी पोचण्यापुरती चालते. यालाच लिम्प मोड म्हणतात. इथे तास-दोन तास झाडाखाली उभं राहून काही होत नाही.

काही गाड्यांत दोन्हींसाठी दिवा एकच असतो. म्हणून मी आणखी तीन गोष्टी विचारतो. चढावर होतात का? गिअर सगळे पडतात की एकावरच अडकलाय? रिव्हर्स लागतो का? चढावर, रांगेत, अर्धा तास रखडल्यावर दिवा आला असेल, तर दहातल्या आठ वेळा ते तापणंच असतं. सपाट रस्त्यावर, सकाळी गाडी थंड असताना आला, तर तापमानाचा विषयच सोडून द्यायचा.

२. घाटात तापतं काय, ते आधी समजून घ्यावं

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या आतून सारख्या नसतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये तेल असतं. घसरण होते ती तेलात, आणि ते तेल कूलरमधून फिरत असतं. त्यामुळे ती उशिरा तापते आणि उशिराच निवते. ड्युअल क्लच, म्हणजे आपण ज्याला डीसीटी म्हणतो, त्यातल्या बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांत क्लच कोरडे असतात. साध्या मॅन्युअल गाडीत जशा क्लच प्लेट असतात तशाच दोन, फक्त त्या दाबायला आपल्या पायाऐवजी कंप्युटर असतो. एएमटीत अशी प्लेट एकच. माझ्याकडे तापण्याचे जे फोन येतात, ते बहुतेक या कोरड्या क्लचवाल्यांचे.

आता नेरळचा घाट बघा. चिखलोलीहून बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळला गेलं तर वाटेत क्लचला त्रास होईल असं काही नाही. पण नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आणि माथेरान आठशेच्या आसपास. १९०७ पासून चालणाऱ्या छोट्या गाडीचा रूळ ही उंची गाठायला वीसेक किलोमीटर वळणं घेत जातो. डांबरी रस्ता त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात दस्तुरी नाक्याला पोचतो. दस्तुरीच्या पुढे गाड्या नेता येत नाहीत. तिथलं पार्किंग भरलं की रविवारी रांग मागे घाटात उतरते, आणि गाड्या तासन् तास पहिल्या गिअरमध्ये चार-चार हात पुढे सरकतात.

मी हा हिशेब एकदा एका गिऱ्हाइकाला पावतीच्या मागे करून दाखवला होता. माणसं आणि सामान धरून गाडी सतराशे किलोची. शंभर मीटरला दहा मीटर चढ असलेल्या रस्त्यावर तिला मागे ओढणारा जोर सुमारे १७०० न्यूटनचा. इंजिन नुसतं आयडलवर असलं तरी पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सातेक किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन मीटर जाईल. आता चालकाने ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर जागच्या जागी तोलून धरली. क्लचची इंजिनकडची बाजू फिरतेय, चाकाकडची थांबलीय. १७०० गुणिले दोन, म्हणजे तीन किलोवॅटच्या वर ताकद फक्त घासण्यात जाते. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो, आणि इथे त्याच्या दीडपट उष्णता मिळते ती थोड्याच किलो वजनाच्या लोखंडाला, तीही बंद डब्यात. एका मिनिटात ते लोखंड शंभर अंशांच्या आसपास वर चढू शकतं. गाडी ताशी तीनच्या चालीने रांगत नेली, तरी इंजिनने दिलेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त क्लचमध्येच जळते.

मॅन्युअल गाडीत असं केलं तर जळका वास येतो, डावा पाय दुखायला लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. ऑटोमॅटिकमध्ये पायाला काहीच कळत नाही. शिवाय कोरड्या डीसीटीत बहुतेक ठिकाणी क्लचच्या प्लेटवर थेट तापमापक नसतो. किती वेळ, किती जोराने घसरण झाली यावरून कंप्युटर आकडा मांडत असतो. म्हणून दिवा वासाच्या आधी येतो, आणि "वास तर येत नाही, सेन्सर खराब असेल" हे चालकाचं म्हणणं खरं नसतं.

३. दिव्याच्या आधी गाडी अंग झटकते

मागच्या पावसाळ्यात एका डीसीटी एसयूव्हीचा फोन आला. नेरळच्या घाटात जुम्मापट्टीच्या पुढे, रांगेत. गाडी बदलापूरच्या एका कुटुंबाची. मुलगा चालवत होता, शेजारी आजोबा, मागे बाकीचे. फोटोत लाल अक्षरं आणि खाली मिनिटांचा आकडा होता. मी विचारलं, "दिवा यायच्या आधी गाडी थरथरली का?" तो म्हणाला, "हो काका, दोन-तीनदा हिसके दिले. मला वाटलं रस्ता खराब आहे."

ती थरथर पुष्कळदा मुद्दाम असते. क्लच मर्यादेजवळ आला की काही गिअरबॉक्स जाणूनबुजून गाडीला हिसके देतात, म्हणजे चालक ब्रेक तरी दाबेल किंवा सरळ पुढे तरी जाईल. त्याकडे दुर्लक्ष झालं की संदेश येतो. त्याकडेही झालं, तर गाडी क्लच उघडून टाकते. अ‍ॅक्सिलेटर दाबा, इंजिन ओरडेल, चाक हलणार नाही. चढावर ही शेवटची पायरी धोक्याची असते, कारण पाय ब्रेकवर नसेल तर गाडी मागे सरकते. त्यामुळे पहिल्या हिसक्यालाच पाय पूर्ण ब्रेकवर ठेवलेला बरा.

आजोबा शेजारून सांगत होते, "आधी इंजिन बंद कर." त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होतं. रेडिएटर उकळणाऱ्या जुन्या गाड्या त्यांनी चालवल्या असणार. पण इथे उलट आहे. गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक लावून, पी मध्ये टाकली की दोन्ही क्लच सुटे होतात आणि इंजिनबरोबर फ्लायव्हील आणि प्लेटचं लोखंड फिरत राहतं. त्या फिरण्यानेच डब्यातली हवा हलते आणि प्लेट निवते. इंजिन बंद केलं की गरम लोखंड बंद डब्यात तसंच पडून राहतं. बॉनेट उघडून फारसा फायदा नाही, कारण क्लच खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेत असतो. पाणी तर ओतूच नये. ते क्लचपर्यंत पोचत नाही, पोचलंच तर तापलेल्या लोखंडाला तडा जायची भीती.

एक अपवाद सांगतो. इंजिनच्या तापमानाचा काटाही लालमध्ये गेला असेल, किंवा खालून धूर येत असेल, तर इंजिन बंदच करायचं आणि माणसं उतरवायची. त्या वेळी क्लचचं नंतर बघू.

त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा संपला, दिवा गेला, गाडी पुन्हा पहिल्यासारखी. "आता वर जाऊ का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, वर जा, पण नेरळच्या टॅक्सीवाल्यांसारखे जा. त्यांच्या ओम्नी बघा. ते रांगेत इंच-इंच सरकत नाहीत. हँडब्रेकवर थांबून राहतात, पुढची गाडी वळण पार करून दहा-वीस मीटर लांब गेली की एका दमात उचलतात. क्लच एकदाच घसरतो आणि पूर्ण बसतो. ऑटोमॅटिकमध्ये हेच करायचं. गाडी ब्रेकवर किंवा ऑटो होल्डवर धरायची, गिअर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर ठेवायचा, म्हणजे ती मध्येच दुसरा टाकून पुन्हा पहिल्यावर येण्याच्या फंदात पडत नाही. आणि पुढे जागा झाल्याशिवाय निघायचं नाही. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

निवल्यानंतर लगेच पुन्हा दिवा आला, तर मात्र परत फिरावं. उताराला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण बसलेला असतो, घसरण नाही, म्हणून गरम क्लचची गाडीही उतरून नेरळला नीट येते.

४. लिम्प मोडमध्ये गाडी कशी वागते, ते तिच्या जातीवर आहे

लिम्प मोड म्हणजे बिघाड आहे हे कळल्यावर गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा. चालकाला वाटतं इंजिनचा दम गेला. खरं तर इंजिन बहुधा ठीक असतं, गिअरबॉक्स आपली निवड बंद करतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आत तेलाचा रस्ता बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह असतात. कंप्युटरने त्यांची वीज काढून घेतली की तेल आपल्या ठरलेल्या रस्त्याने जातं आणि एकच गिअर उरतो. जुन्या चार-गिअरवाल्या गाड्यांत तो बहुधा तिसरा, सहा-गिअरवाल्यांत त्याहून वरचा. रिव्हर्स आणि न्यूट्रल बहुतेकदा चालतात, कारण त्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत लिव्हरचा व्हॉल्व्ह केबलने हलतो, विजेने नाही. आणि एक खूण ओळखायला सोपी आहे: तेलाचा दाब पूर्ण वाढवलेला असल्याने एन वरून डी ला टाकताना गाडी धपकन झटका देते.

अशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उचलायची म्हणजे सिग्नलला ती जडशीळ वाटते. बदलापूरचा पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल ती चढते, पण पुलाच्या मध्येच थांबावं लागलं तर कन्व्हर्टर घसरत तेल तापवतो आणि मग खरोखरचं तापणंही मागे लागतं. म्हणून लिम्प मोडमधली गाडी घरी आणायची तर थोडी वाट वाकडी करून सपाट रस्ता घ्यावा, गर्दीची वेळ टाळावी आणि वेग ताशी चाळीस-पन्नासच्या आसपास ठेवावा. तिसऱ्या गिअरमध्येच सत्तर-ऐंशीने नेली तर इंजिनचे फेरे उगाच वाढतात.

डीसीटीत निराळंच चित्र असतं. तिथे एका क्लचवर १, ३, ५, ७ हे विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम गिअर असतात. एका बाजूत बिघाड झाला की गाडी ती अर्धी बाजू झाकून ठेवते आणि उरलेल्या अर्ध्यावर चालते. पहिल्यावरून थेट तिसरा पडतो, मध्ये मोठी पोकळी जाणवते. किंवा दुसऱ्याच गिअरमध्ये उठते, तेव्हा उचलतानाच क्लच घासतो. रिव्हर्स ज्या अर्ध्यात असतो तो बंद झाला तर गाडी पुढे जाते, मागे येत नाही. कोणत्या अर्ध्यात रिव्हर्स आहे हे गिअरबॉक्सप्रमाणे बदलतं. म्हणून मी फोनवर रिव्हर्सचं विचारतो, आणि रिव्हर्स लागत नसेल तर सांगतो: सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाक घालून गाडी लावू नका, नंतर बाहेर काढता येणार नाही. अंबरनाथच्या एका टॉवरमध्ये अशी गाडी दोन खांबांच्या मधून चाकाखाली ट्रॉल्या घालून काढावी लागली. वॉचमनसकट सात जण लागले.

सीव्हीटी लिम्पमध्ये इंजिनचे फेरे आणि ताकद आवरून धरते. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही आणि लोक म्हणतात पिकअप गेला. एएमटीत बहुधा गिअरचा आकडा लुकलुकतो, बझर वाजतो आणि गाडी एखाद्या गिअरमध्ये अडकते किंवा न्यूट्रलला येऊन बसते. एएमटीबद्दल इथे एवढं पुरे.

५. चावी फिरवून दिवा गेला, तरी कोड गेलेला नसतो

बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली की पुष्कळदा सगळे गिअर परत येतात. कंप्युटर सुरुवातीला सगळं पुन्हा तपासतो, काही सापडलं नाही तर कामाला लागतो. गाडी रस्त्यावर अडकली असेल तर हा उपाय एकदा जरूर करावा. पण मग "आपोआप बरी झाली" म्हणून विसरू नये, कारण आत कोड लिहिलेला असतो. कधी आला, तेव्हा वेग किती, तापमान किती, व्होल्टेज किती हेही पुष्कळदा त्याच्याबरोबर साठवलेलं असतं. आमच्या धंद्यातला खरा मालमसाला तो. म्हणून माझ्याकडे यायच्या आधी कोणाकडून "कोड पुसून" घेऊ नका, ही माझी विनंती असते.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर पुष्कळदा नुसता `P0700` दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे तक्रार आहे, त्याला विचारा. खरा कोड त्या दुसऱ्या कंप्युटरमध्ये असतो आणि तो वाचायला तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. `P0218` असेल तर तेल जास्त तापलं होतं. `P0715` असेल तर आत येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरची किंवा त्याच्या वायरची भानगड. `P0562` म्हणजे व्होल्टेज कमी. नुसता `P0700` बघून गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

यातल्या `P0562` ची एक गाडी लक्षात राहिली आहे. चिखलोलीतल्याच नव्या सोसायटीतल्या ताई, घरून काम करणाऱ्या. गाडी आठवडे-आठवडे उभी. पावसाळ्यात एका सकाळी चालू केली तर गिअरचा दिवा, दुसऱ्याच गिअरमध्ये उठतेय, रिव्हर्स लागतोय. एका वर्कशॉपने त्यांना गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बदलायचं कोटेशन दिलं होतं. आकडा पाहून त्या गाडी विकायचाच विचार करत होत्या.

मी स्कॅनर लावायच्या आधी मीटर लावला. उभ्या गाडीच्या बॅटरीवर ११.९ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. "ताई, सेल्फ मारा." सेल्फ फिरताना काटा साडेआठच्याही खाली आला. साडेनऊच्या खाली गेला तरी बॅटरी थकली असं आम्ही धरतो. स्कॅनरवर `P0562` आणि त्याच्या जोडीला `U0101`, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरशी बोलणं तुटलं होतं. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडत होतं की तो कंप्युटर क्षणभर बंद पडून पुन्हा जागा होत होता, आणि जागा होताना प्रत्येक वेळी क्लचची जागा नीट न सापडल्यामुळे अर्धा गिअरबॉक्स बाजूला ठेवत होता.

बॅटरी बदलली. तरी मी थांबलो नाही, कारण नव्या बॅटरीवरही सेल्फच्या वेळी बॅटरीचं ऋण टोक आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसत होता. तो जवळपास शून्य हवा. खाली बॅटरीच्या ट्रेच्या मागे अर्थिंगचा बोल्ट होता, त्याच्या वायसरखाली हिरवी पूड साचलेली. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. मग कोड पुसले, आणि कंपनीच्या पद्धतीने क्लचची जागा पुन्हा शिकवून घेतली. हे शिकवणं स्कॅनरवरून होतं आणि ते न करता गाडी दिली तर काही दिवस ती झटके देत राहते. दिवा परत आला नाही. कंट्रोल युनिट मुळात चांगलंच होतं.

सगळीच कोटेशनं अशी खोटी निघतात असं मात्र नाही. व्होल्टेज, अर्थिंग, सॉकेट, तेलाची पातळी हे चार साफ निघाले आणि तोच कोड परत आला, तर युनिटच गेलेलं असू शकतं आणि मग खर्च टळत नाही. फक्त क्रम तसा हवा. पाचशे रुपयांची तपासणी आधी, लाखाची दुरुस्ती नंतर.

६. उल्हास नदीचं पाणी गिअरबॉक्समध्ये कसं जातं

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुराच्या पाण्यात उभी राहिली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच पाण्यात आमच्याकडच्या किती पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, ते गॅरेजवाल्यांनाच ठाऊक. इंजिनात पाणी गेलं तर गाडी लगेच बंद पडते आणि माणूस सावध होतो. गिअरबॉक्सचं पाणी उशिरा बोलतं.

गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक लहान नळी असते. चालून गरम झालेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. म्हणून साचलेल्या पाण्यातून हळू गेलेली गाडीही, पाणी गिअरबॉक्सपर्यंत आलं असेल तर, निर्धास्त समजू नये. काही आठवड्यांनी दिवा येतो, गिअर घसरायला लागतात. तेलाचा थेंब बोटावर घेतला की लालसर पारदर्शक दिसायच्या ऐवजी गढूळ गुलाबी दिसतो. पाणी मिसळलेल्या तेलाने टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचवरचं अस्तर सुटायला लागतं. तेव्हा तेल बदलूनही काम भागेल याची खात्री देता येत नाही. पाण्यातून आल्यावर त्याच आठवड्यात तेल बघितलं आणि गरज पडली तर बदललं, तर गिअरबॉक्स बहुधा वाचतो.

७. टोचन करायच्या आधी

लिम्प मोडमध्ये गाडी चालवत आणावी की उचलून, हे ठरवायला मी तीन गोष्टी बघतो. दिवा लाल आहे का, गिअर घसरतोय का, म्हणजे फेरे वाढतात पण वेग नाही, आणि खाली तेल सांडलंय का. यातलं एकही असेल तर चालवायची नाही. तिन्ही नसतील तर सपाट रस्त्याने, वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत आणायला हरकत नसते.

उचलायची असेल तर चारही चाकं वर जातील असा फ्लॅटबेड मागवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं रस्त्यावर फिरत असतील तर आतले भाग तेलाशिवाय घासतात. बरेच लोक म्हणतात, "न्यूट्रल केली ना, मग काय होतं?" न्यूट्रलमध्ये चाकांशी जोडलेले भाग फिरतच असतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलली तर चालते, मागून उचलली तर नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.

बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर लिव्हर पी मधून निघणारच नाही. लिव्हरच्या जवळ बहुतेक गाड्यांत एक लहान झाकण असतं. ते उचकटून आत पेचकस दाबला आणि ब्रेक धरला की लिव्हर न्यूट्रलला येते. बटणाने गिअर टाकणाऱ्या गाड्यांत हे झाकण नसतं, तिथे आधी जंपर लावून वीज द्यावी लागते. टोचनवाला पोचायच्या आधीच हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. त्याला घाई असते, आणि पी मध्ये असलेली गाडी हुक लावून ओढली की आतला पार्किंगचा दात मोडतो. असा मोडका दात माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा दाखवतो.